फोन बदलताना पैशाचं पाकीट कसं हलवायचं: आपोआप काय येतं आणि पुन्हा काय बसवावं लागतं

सोयाबीन मोंढ्यावर गेलं, पट्टी खात्यावर जमा झाली, की आमच्या परळीच्या दुकानात नव्या फोनची गिऱ्हाइकं वाढतात. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत हाच हंगाम. फोन विकणं सोपं काम आहे. जुन्या फोनमधले फोटो, नंबर, व्हॉट्सॲप नव्यात आणणंही तासाभरात होतं. अडतं ते पैशापाशी. जुन्या फोनमध्ये फोनपे, गूगल पे, बँकेचं ॲप, खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेली कार्डं असं सगळं सुरळीत चाललेलं असतं. नव्या फोनवर त्या सगळ्यांची चित्रं दिसतात, पण उघडलं की ॲप विचारतं, तुम्ही कोण?

गेल्या दिवाळीत माझे मामा गंगाखेडकडच्या गावाहून आले होते. दुपारी फोन घेतला आणि संध्याकाळपर्यंत दुकानात बसूनच सगळं बसवून घेतलं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कृषी सेवा केंद्रावर त्यांचं अडलं. कुठं अडलं आणि ते आधीच कसं टाळता आलं असतं, हे पुढं ओघात सांगतो. त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ती समजली की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं कारण आपोआप कळतं.

पाकिटातली कुठली गोष्ट कशाला बांधलेली आहे

आपण "फोनमधले पैसे" म्हणतो खरं, पण ते सगळे एका जागी नसतात. काही गोष्टी तुमच्या खात्याला बांधलेल्या असतात, काही सिमला, आणि काही त्या एका फोनच्या यंत्रालाच.

खात्याला बांधलेल्या गोष्टी सगळ्यात सोप्या. ॲपच्या पाकिटात तुम्ही भरून ठेवलेली शिल्लक, म्हणजे ज्याला आपण साधं वॉलेट म्हणतो ती, कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या मोबाइल नंबराच्या नावानं असते. नव्या फोनवर त्याच नंबरानं लॉगिन केलं की ती दिसते. फास्टॅगचंही तसंच. त्याची शिल्लक गाडीला आणि खात्याला जोडलेली असते, फोन बदलल्यानं टोलनाक्यावर काही फरक पडत नाही.

खरेदीच्या किंवा रेल्वे-बसच्या ॲपमध्ये "सेव्ह" केलेली कार्डंही याच घरातली. 1 ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दुकानदार कंपनीला तुमचा कार्ड नंबर स्वतःकडे ठेवता येत नाही. त्याऐवजी कार्ड कंपनी किंवा बँक त्या दुकानापुरता एक वेगळा आकडा तयार करून देते, त्याला टोकन म्हणतात. हे टोकन त्या दुकानातल्या तुमच्या खात्याला चिकटलेलं असतं, फोनला नाही. म्हणून नव्या फोनवर त्याच ईमेलनं किंवा नंबरानं आत गेलात की शेवटचे चार आकडे दाखवत कार्ड तिथंच उभं असतं. पैसे देताना ओटीपी नेहमीसारखाच येतो. काही आणायचं नाही, काही हलवायचं नाही. मात्र बँकेनं तुमचं कार्डच बदलून नवं दिलं असेल, तर ते नव्यानं साठवायला तुमची परवानगी लागते. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात, फोन बदलला म्हणून कार्ड गेलं असं समजतात.

सिमला बांधलेली गोष्ट म्हणजे यूपीआय. इथंच निम्म्याहून जास्त लोक अडतात, म्हणून यावर पुढं सविस्तर लिहिलं आहे.

फोनच्या यंत्राला बांधलेल्या गोष्टी दोन. एक, मशीनला फोन टेकवून पैसे द्यायला जोडलेलं कार्ड. दुसरी, यूपीआय लाइट. या दोन्ही एका फोनमधून दुसऱ्यात जातच नाहीत. जुन्यात बंद करायच्या आणि नव्यात पहिल्यापासून सुरू करायच्या.

फोन कंपन्यांचं सामान हलवायचं जे ॲप असतं, ते पेमेंटची ॲपं नव्या फोनवर उतरवून देतं, पण त्यातली आतली ओळख आणत नाही. हे मुद्दामच तसं ठेवलेलं आहे. तसं नसतं तर तुमचा फोन तासभर हातात आलेल्या कुणालाही तुमचं पाकीट त्याच्या फोनमध्ये उतरवून घेता आलं असतं.

आदल्या दिवशी जुन्या फोनवर करायची कामं

नवा फोन खोक्यातून काढायच्या आधी जुना फोन घेऊन शांतपणे बसा. एक वही घ्या. प्रत्येक पैशाचं ॲप उघडून, ते कुठल्या मोबाइल नंबरावर आहे आणि कुठल्या बँकेचं खातं जोडलेलं आहे, एवढंच लिहा. पिन, पासवर्ड वहीत लिहायचे नाहीत. हे लिहिणं लोकांना उगाच वाटतं. पण आपल्याकडं एका फोनमध्ये दोन सिम आणि घरात तीन नंबर ही सर्रास गोष्ट आहे. खातं उघडताना दिलेला नंबर एक, आता रोज बोलायला वापरतो तो दुसरा. ज्यांची खाती जुन्या स्टेट बँक ऑफ हैदराबादची होती आणि 2017 च्या विलीनीकरणानंतर स्टेट बँकेत आली, त्यातल्या कितीतरी जणांचा बँकेतला नंबर दहा-बारा वर्षांपूर्वीचाच आहे.

मामांचं तसंच निघालं. त्यांच्या फोनमध्ये दोन सिम होते. एकावर नेट आणि बोलणं, दुसरं बँकेचं. बँकेच्या सिमवर त्यांनी फक्त सिम चालू राहावं एवढंच स्वस्तातलं रिचार्ज मारलेलं. मी त्यांना म्हणालो, "मामा, या सिमवरून मला एक मेसेज पाठवा." त्यांनी "राम राम" लिहून पाठवलं. मेसेजखाली लाल खूण आली, गेलाच नाही.

ही चाचणी तुम्हीही करा. बँकेत नोंदलेल्या सिमवरून घरच्या कुणाला तरी एक साधा मेसेज पाठवून बघा. व्हॉट्सॲप नव्हे, साधा एसएमएस. तो पोचला तरच पुढं जायचं. स्वस्तातल्या बऱ्याच रिचार्जमध्ये जाणारे मेसेज धरलेले नसतात. येणारे येतात, ओटीपी दिसतात, म्हणून माणसाला वाटतं सिम ठीक आहे. पण नव्या फोनवर यूपीआय बसवताना मेसेज येण्याआधी एक जावा लागतो. मामांच्या सिमवर मेसेज असलेलं रिचार्ज मारलं, पाच मिनिटांत "राम राम" पोचलं.

दुसरं काम यूपीआय लाइटचं. चहा, भाजी, रिक्षा अशा छोट्या खर्चाला पिन न टाकता पैसे जातात ती ही सोय. एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत, आणि लाइटमध्ये जास्तीत जास्त 5,000 रुपये ठेवता येतात. हे पैसे त्या फोनवरच्या त्या ॲपपुरते बाजूला काढलेले असतात. नव्या फोनवर ॲप चालू केलं तरी ते तिथं दिसणार नाहीत. म्हणून जुन्या फोनवर लाइटच्या पानावर जाऊन ते बंद करा किंवा शिल्लक खात्यावर परत पाठवा. पैसे लगेच बँक खात्यावर जमा होतात. मामांच्या लाइटमध्ये 1,340 रुपये होते आणि त्यांना ते आठवतही नव्हते. "हे कुठनं आले?" असं त्यांनी विचारलं. मुलानं कधीतरी चालू करून दिलं होतं. आधी फोन पुसला असता, तर या पैशासाठी ॲपच्या मदत केंद्राच्या आणि बँकेच्या मागं लागावं लागलं असतं.

तिसरं, मशीनला फोन टेकवून पैसे द्यायला कार्ड जोडलेलं असेल तर ते जुन्या फोनमधून काढून टाका. आणि चौथं, यूपीआयचा पिन तुम्हाला आठवतो याची खात्री करा. खात्याची शिल्लक बघताना तो विचारला जातो, तेवढं करून बघितलं की कळतं. आठवत नसेल तर नव्या फोनवर तो नव्यानं ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि त्याची मुदत लागेल, किंवा आधारवरचा ओटीपी. ज्यांचं एटीएम कार्ड पेटीत पडून मुदत संपलेलं आहे, त्यांनी हे आधीच बघावं.

एक गोष्ट या दिवशी अजिबात करायची नाही, ती म्हणजे सिम बदलणं. नव्या फोनला छोटं सिम लागतं, किंवा त्यात ई-सिमची सोय आहे म्हणून दुकानदार म्हणतो, "सिमपण नवंच करून टाकू." थांबा. दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार सिम बदलून घेतलं की त्या नंबरावरचे येणारे आणि जाणारे मेसेज 24 तास बंद राहतात. तुमच्या नंबराचं दुसरं सिम काढून कुणी चोरानं ओटीपी मिळवू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण त्या 24 तासांत नव्या फोनवर यूपीआय बसतच नाही. सिम बदलायचंच असेल तर आधी ते बदला, एक दिवस जाऊ द्या, आणि मग फोन बदला.

नव्या फोनवर यूपीआय बसवणं

नवा फोन चालू झाला, गूगल खातं टाकलं, की पहिलं काम स्क्रीन लॉक लावणं. आकडी असो, बोटाचा ठसा असो, पण लॉक हवाच. पैशाची ॲपं लॉकशिवाय पुढं जाऊ देत नाहीत, आणि टेकवायचं कार्ड तर लॉक काढला की फोनमधून निघूनही जातं. गूगल खात्यात शिरताना कधी कधी जुन्या फोनवर "तुम्हीच आहात का?" असा प्रश्न येतो. म्हणून जुना फोन चार्ज करून, वायफायवर जोडून शेजारीच ठेवा.

मग बँकेत नोंदलेलं सिम नव्या फोनमध्ये घाला आणि ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. ॲप उघडून नंबर टाकला की ते मेसेज पाठवायची आणि फोन हाताळायची परवानगी मागतं, ती द्यावी लागते. दोन सिम असतील तर ते विचारतं, कुठलं सिम? इथं घाईत पहिल्यावर बोट पडतं. बँकेचं सिम दुसऱ्या खाचेत असेल तर दुसरंच निवडा.

आता ॲप तुमच्या सिमवरून एक मेसेज स्वतःच पाठवतं. मेसेजच्या यादीत जाऊन बघितलं तर तो दिसतो: एका अनोळखी नंबराला गेलेला, कुणाला न वाचता येणारा, अक्षरं आणि आकडे कालवलेला. त्यावरून बँकेला दोन गोष्टी कळतात, हा नंबर खरंच याच फोनमधल्या सिमवर आहे आणि हेच ते यंत्र आहे. यालाच फोनची आणि सिमची गाठ मारणं म्हणायचं. या मेसेजला साध्या एसएमएसचे पैसे लागतात.

हा मेसेज कुणाच्याही सांगण्यावरून दुसरीकडं पाठवायचा नाही. कुणी फोन करून म्हणालं, "आम्ही पाठवलेला कोड तुमच्या सिमवरून या नंबरावर पाठवा, मग ॲप चालू होईल," तर तो तुमच्या नंबराची गाठ स्वतःच्या फोनशी मारत असतो.

मेसेज जाऊन गाठ बसायला पाच-दहा सेकंद लागतात. नाही बसली तर "मेसेजद्वारे खात्री झाली नाही" अशा अर्थाची ओळ येते. मग एक एक करून बघा. त्या सिमला रेंज आहे का? आमच्याकडं वाडी-तांड्यावर नेट असतं आणि मेसेज लटकतो, असं बऱ्याचदा होतं, थोडं मोकळ्यावर किंवा गच्चीवर जाऊन करा. त्या सिमवर मेसेजचं रिचार्ज आहे का? बरोबर सिम निवडलं का? मेसेज पाठवायची परवानगी चुकून नाकारली का? सेटिंगमध्ये ॲपच्या परवानग्यांत जाऊन ती परत देता येते. सिम गेल्या 24 तासांत बदललंय का? या पाचांपैकीच एक कारण बहुतेक वेळा निघतं. पाच-सहा वेळा लागोपाठ दाबत बसू नका, ॲप थोडा वेळ कुलूप लावतं. आणि इंटरनेटवर "कस्टमर केअर नंबर" शोधून फोन लावू नका. तिथं चोरांनी टाकलेले नंबर असतात. मदत ॲपच्या आतल्या मदत पानावरूनच घ्या.

गाठ बसली की बँक निवडायची. त्या नंबरावरची खाती यादीत येतात, हवं ते जोडायचं. इथं एक चूक मी रोज बघतो. ॲप यूपीआय पिन ठरवायचं बटण दाखवतं आणि माणूस नवा पिन करत बसतो. तुमचा आधीचा पिन बँकेकडं आहे, फोनकडं नाही. तोच पुढं चालतो. आठवत असेल तर नवा करू नका.

पिनांचाही एक गोंधळ असतो. फोन उघडायचा लॉक वेगळा, ॲप उघडायचा कोड वेगळा, बँकेच्या ॲपचा एमपिन वेगळा आणि पैसे पाठवताना लागणारा यूपीआय पिन वेगळा. नव्या फोनवर पहिले तीन नव्यानं ठरवावे लागतात, शेवटचा जुनाच. मामांनी चारही ठिकाणी यूपीआय पिन टाकून बघितला आणि "पिन चुकला" म्हणून घाबरले. पिन बरोबर होता, दार चुकलं होतं.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर ते खात्याबरोबर आपोआप येईलच असं धरू नका. यादीत नसेल तर क्रेडिट कार्ड जोडायच्या पानावरून वेगळं जोडा. त्याचा पिनही वेगळा असतो.

शेवटी घरच्या कुणाला तरी 1 रुपया पाठवा आणि त्याच्याकडून 1 रुपया घ्या. दोन्ही झालं तर गाठ पक्की.

पहिल्या दिवसाची मर्यादा

आता मामांचं कुठं अडलं ते. त्यांची गाठ बसली तेव्हा संध्याकाळचे 5 वाजून 40 मिनिटं झाली होती. माझ्या नंबराला 1 रुपया पाठवला, पोचला. मामा खुशीत गावाला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी रब्बीच्या पेरणीसाठी कृषी सेवा केंद्रावर गेले. हरभऱ्याचं बी, डीएपीच्या सहा गोण्या आणि बीजप्रक्रियेचं औषध मिळून बिल झालं 18,400 रुपये. डीएपीची गोणी 1,350 ची, म्हणजे 8,100 त्यातच. मामांनी क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, पैसे गेले नाहीत. परत केलं, परत तेच. मला फोन आला: "आरं, खात्यावर पैसं हायत, पिन बरोबर हाय, मंग जात का न्हाईत?"

नव्या फोनवर यूपीआय बसवलं की बहुतेक बँका पहिले 24 तास एकूण 5,000 रुपयांपर्यंतच पाठवू देतात. आयफोनवर काही बँकांमध्ये हा काळ 72 तासांचा असतो. कुणी तुमची गाठ चोरून दुसऱ्या फोनवर मारलीच, तर तुम्हाला कळेपर्यंत फार पैसे जाऊ नयेत, यासाठी ही मर्यादा आहे. पैसे यायला ती लागत नाही, फक्त जायला. पण त्या दिवशी मोठं बिल असेल तर दुकानात उभं राहायची वेळ येते.

मी म्हणालो, "मामा, 5,000 पाठवून बघा." तेही गेले नाहीत. मग माझ्या लक्षात आलं. आदल्या संध्याकाळचा तो चाचणीचा 1 रुपया त्याच 24 तासांत धरला गेला होता. 4,999 पाठवायला सांगितले, लगेच गेले. उरलेले 13,401 रुपये दुकानदारानं ओळखीवर संध्याकाळपर्यंत थांबवले. मामांनी सव्वासहाला घरून पाठवले आणि ते एका झटक्यात गेले. 5 वाजून 40 मिनिटांनंतर, म्हणजे चोवीस तास झाल्यावर.

ओळखीचं दुकान होतं म्हणून भागलं. दवाखान्याचं बिल असतं, किंवा मुलीची कॉलेजची फी असती, तर? म्हणून फोन कुठल्या दिवशी बदलायचा हे ठरवताना पुढच्या दोन दिवसांतली मोठी देणी आधी बघा. बियाणं-खत घ्यायचंय, फी भरायची आहे, लग्नाच्या आचाऱ्याला इसार द्यायचा आहे, तर ते जुन्या फोनवरून आधी देऊन टाका. ते जमणारं नसेल तर त्या दिवसापुरती डेबिट कार्डाची किंवा रोख पैशाची तयारी ठेवा. पिन विसरून नवा ठरवला तरीही काही बँका अशीच मर्यादा लावतात, म्हणूनही जुना पिन आठवणं महत्त्वाचं.

बँकेच्या स्वतःच्या ॲपचीही गाठ अशीच सिमवरून बसते. त्यात नेटबँकिंगचं नाव-पासवर्ड किंवा डेबिट कार्डाची माहितीही मागतात. पहिल्या दिवशी नवीन माणसाच्या खात्यावर मोठी रक्कम पाठवायला तिथंही आडकाठी येऊ शकते.

दुकानदारांसाठी थोडंसं

काउंटरवर चिकटवलेला क्यूआर फोनचा नसतो, त्यात तुमचा यूपीआय पत्ता छापलेला असतो. फोन बदलला तरी तो चालू राहतो. आवाज करणाऱ्या डबीत तिचं स्वतःचं सिम असतं, तिलाही हात लावायचा नाही. फक्त नव्या फोनवर तेच ॲप, तोच नंबर ठेवा, आणि एकदा दुसऱ्याच्या फोनवरून आपलाच क्यूआर स्कॅन करून 1 रुपया टाकून बघा. डबी बोलली आणि पैसे त्याच खात्यावर आले, एवढं बघितलं की झालं.

टेकवायचं कार्ड पुन्हा जोडणं

आधी नव्या फोनमध्ये एनएफसी, म्हणजे टेकवून पैसे द्यायला लागणारी सोय, आहे का ते सेटिंगमध्ये शोधा. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ते नसतंच. नसेल तर हा सगळा भाग सोडून द्या, तुमचं प्लास्टिकचं कार्ड आहेच. असेल तर गूगल पे किंवा सॅमसंगचा फोन असल्यास सॅमसंग वॉलेट उघडा. भारतात गूगल वॉलेट मे 2024 मध्ये आलं ते बोर्डिंग पास, तिकिटं, दुकानांची सदस्य कार्डं ठेवायला. टेकवून पैसे द्यायचं काम तेव्हा गूगल पेकडंच होतं. त्यामुळं दोन्हींची नावं सारखी वाटली तरी कार्ड कुठं जोडलं होतं ते आदल्या दिवशीच्या वहीत लिहून ठेवलेलं बरं.

कार्ड पुढ्यात घ्या, कॅमेऱ्यानं टिपा किंवा नंबर टाका, मुदत आणि मागचे तीन आकडे टाका, बँकेचा ओटीपी येतो तो द्या. कार्ड आलं. पण हे जुन्या फोनमधलं कार्ड हललेलं नाही, बँकेनं या नव्या यंत्रासाठी नवंच टोकन बनवून दिलं आहे. ते समजून घ्यायची सोपी खूण आहे. टेकवून पैसे दिल्यावर मशीनमधून निघणाऱ्या कागदावरचे शेवटचे चार आकडे बघा. ते तुमच्या कार्डावरच्या चार आकड्यांशी जुळत नाहीत. लोकांना वाटतं दुसऱ्याच कार्डातून पैसे गेले. तसं नाही, तो या फोनच्या टोकनाचा आकडा आहे. पैसे तुमच्याच कार्डातून गेलेले असतात, बँकेच्या मेसेजवरून ताडून घ्या. जुन्या फोननं टेकवून घेतलेली वस्तू परत करायची असेल तर तो जुना कागद जपून ठेवा, दुकानदाराला तेच चार आकडे लागतात.

आणि जुना फोन आधीच विकला, कार्ड काढायचं राहिलं असेल तर? बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये टोकनांची यादी दाखवणं आणि ती बंद करू देणं बँकेवर बंधनकारक आहे. कार्डाच्या भागात जा, जिथं जिथं ते जोडलेलं आहे त्यांची नावं दिसतील, जुन्या फोनवरचं टोकन बंद करा. मूळ कार्ड बंद करायची गरज नाही. त्या यादीत वर्षानुवर्षं न वापरलेली दुकानंही सापडतात, तीही काढून टाका.

फोन हरवला किंवा फुटला असेल तर

तेव्हा वरची आदल्या दिवसाची कामं करायला फोनच हातात नसतो, म्हणून क्रम बदलतो. आधी सिम बंद करायला सांगा आणि बँकेला फोन करून यूपीआय थांबवा. लाइटमधले पैसे पिनाशिवाय जातात, त्यामुळं त्या वेळी फोनचा लॉक हीच एक भिंत असते. मग त्याच नंबराचं नवं सिम काढा. त्यानंतरचे मेसेजबंदीचे 24 तास आणि गाठ बसल्यावरचे मर्यादेचे 24 तास मिळून साधारण दोन दिवस मोठे पैसे पाठवता येणार नाहीत, हे धरूनच चाला. हरवलेला फोन sancharsaathi.gov.in वर जाऊन बंद करता येतो, त्यासाठी पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत लागते. खात्यातून पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर फोन करा. लाइटमधल्या शिल्लकीसाठी ॲपच्या मदत पानावर तक्रार टाका आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

जुना फोन शेवटी

नव्या फोनवर दोन दिवस सगळे व्यवहार नीट झाल्यावरच जुन्याला हात लावा. त्यावरच्या पैशाच्या ॲपांमधून बाहेर पडा, टेकवायचं कार्ड राहिलं असेल तर काढा, मग सेटिंगमध्ये जाऊन गूगल खातं काढा आणि त्यानंतर फोन पूर्ण पुसा. खातं न काढता पुसलं तर फोन नव्या मालकाकडं तुमचंच खातं मागत बसू शकतो आणि तो माणूस परत तुमच्या दारात येतो. मामांनी त्यांचा जुना फोन मामींना दिला. मामींचं खातं त्यावर टाकलं, त्यांचं सिम घातलं, आणि त्यांच्या नंबराची गाठ त्यावर बसवली. ते केलं तिसऱ्या दिवशी, सगळी देणी झाल्यावर.